६६६.७९ चा तळ आणि नऊचा चौकोन: एका अचूक भाकिताची उलटतपासणी

माझा एक मित्र गेली तीन वर्षं शेअर बाजाराचं भाकीत करण्याच्या गॅनच्या पद्धती शिकतो आहे. कोन, चौकोन, वर्तुळाचे अंश, किंमत आणि काळ यांचं 'चौरस' होणं, सगळं तो मनापासून करतो. एके दिवशी एक कागद घेऊन तो माझ्याकडे आला. म्हणाला, "तू नेहमी म्हणतोस ना की पुरावा दाखव? हा घे."

कागदावर अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाची २००७ ते २००९ ची घसरण मांडलेली होती. ११ ऑक्टोबर २००७ रोजी निर्देशांकाने दिवसातला उच्चांक गाठला तो १५७६.०९ वर. ६ मार्च २००९ रोजी तो ६६६.७९ पर्यंत खाली आला आणि तिथून वळला. त्या पिढीतला सगळ्यात मोठा तळ तो हाच. मित्राने दोन गोष्टी लाल शाईने अधोरेखित केल्या होत्या. पहिली म्हणजे, उच्चांकापासून तळापर्यंतचं अंतर नऊच्या चौकोनावर मोजलं तर ते २४९८ अंश भरतं. साडेबावीस अंशांच्या बरोबर १११ पायऱ्या, फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा. दुसरी म्हणजे, या दोन तारखांमध्ये ५१२ दिवस आहेत. ५१२ म्हणजे ८ × ८ × ८, आठाचा घन. आणि गॅनने तर सगळ्या गोष्टी आठ भागांत वाटल्या होत्या.

मी दोन्ही आकडे पुन्हा मोजले. दोन्ही खरे आहेत. आकडेमोडीत चूक नाही, तारखा बरोबर, किमती बरोबर. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. चुकीच्या आकडेमोडीवर उभा असलेला दावा पाडणं सोपं असतं. इथे आकडेमोड बरोबर असूनही दावा उभा राहतो का, हा प्रश्न आहे.

आधी पद्धत समजून घेऊ, कारण ती ठाऊक नसलेल्याला मित्राचा उत्साह समजणार नाही.

नऊचा चौकोन म्हणजे आकड्यांची एक सर्पिल मांडणी. मधोमध १ लिहायचा, त्याच्याभोवती २ ते ९, त्याच्या बाहेरच्या फेऱ्यात १० ते २५, आणि असंच पुढे.

```
१३  १४  १५  १६  १७
१२   ३   ४   ५  १८
११   २   १   ६  १९
१०   ९   ८   ७  २०
२५  २४  २३  २२  २१
```

डावीकडच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहा. १, ९, २५ आणि पुढच्या फेऱ्यांत ४९, ८१ हे सगळे एका तिरक्या रेषेत येतात. हे विषम संख्यांचे वर्ग आहेत. म्हणजे चौकोनाभोवती एक पूर्ण फेरा मारला की वर्गमूळ २ ने वाढतं: ९ चं ३, २५ चं ५, ४९ चं ७. त्यावरून नियम बसवला आहे तो असा. किमतीचं वर्गमूळ काढा. पूर्ण फेरा, म्हणजे ३६० अंश खाली जायचं असेल तर त्यातून २ वजा करा, १८० अंशांसाठी १, ९० अंशांसाठी अर्धा, आणि साडेबावीस अंशांसाठी एक अष्टमांश. मग जी संख्या उरली तिचा वर्ग करा. ती झाली 'पातळी', जिथे किंमत थांबेल किंवा वळेल असं मानलं जातं. स्प्रेडशीटमध्ये उच्चांकापासून सात फेरे खालची पातळी अशी निघते:

```
=(SQRT(1576.09)-2*7)^2
```

उत्तर येतं ६६०.४९. प्रत्यक्ष तळ ६६६.७९. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि मला त्याचं नवल वाटत नाही.

इथे एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. सूत्र जे अंश देतं ते आणि कागदावरच्या चौकोनात दिसणारी दिशा तंतोतंत जुळत नाहीत. सूत्रानुसार १६ हा २५ पासून १८० अंशांवर, म्हणजे अगदी समोरासमोर हवा. पण वरच्या आकृतीत समोरच्या कोपऱ्यात १७ आहे. १६ एक घर अलीकडे आहे. बाहेरच्या फेऱ्यांत हा फरक नगण्य होतो, पण म्हणजे 'भूमिती' म्हणून जे सांगितलं जातं ते मुळात वर्गमुळांचं गणित आहे. कोन हा त्यावर चढवलेला पोशाख आहे.

दुसरी पद्धत कोनांची. एखाद्या महत्त्वाच्या उच्चांकापासून किंवा तळापासून तिरक्या रेषा काढायच्या. काळाच्या एका एककाला किमतीचं एक एकक, ही रेषा 'एकास एक', म्हणजे ४५ अंशांची, सगळ्यांत महत्त्वाची. तिच्याहून तीव्र ती दोनास एक, चारास एक, आठास एक. तिच्याहून सौम्य त्या याच्या उलट. खाली येणाऱ्या बाजारात किंमत ४५ अंशांच्या रेषेखाली असेल तर कमजोरी, वर आली तर ताकद परतली, असं वाचायचं.

या सगळ्याच्या मुळाशी असलेले विल्यम डेल्बर्ट गॅन हे अमेरिकन गृहस्थ. जन्म १८७८ चा, टेक्सासमधल्या लफकिनजवळचा. मृत्यू १९५५ चा. त्यांची कीर्ती मुख्यतः १९०९ च्या एका मासिकातल्या लेखावर उभी आहे. त्यात असं छापलं होतं की, ऑक्टोबर महिन्यातल्या २५ कामकाजाच्या दिवसांत गॅननी २८६ सौदे केले आणि त्यातले २६४ फायद्यात गेले. तो एक महिना आजही प्रत्येक वर्गात सांगितला जातो. पुढच्या पंचेचाळीस वर्षांचा असा तपासता येण्याजोगा हिशेब मात्र कुणी दाखवत नाही. शंका घेणारे बोट ठेवतात ते इथेच. अलेक्झांडर एल्डर या लेखक-ट्रेडरने गॅनच्या मुलाशी बोलून लिहून ठेवलं आहे की वडिलांना ट्रेडिंगवर घर चालवता येत नव्हतं, शिकवण्यांचे अभ्यासक्रम विकून ते कमावत. पण हा माणसाचा इतिहास झाला. पद्धत खरी असेल तर तिचा जनक गरीब होता की श्रीमंत याने काही बिघडत नाही. म्हणून पुन्हा कागदाकडे वळतो.

मी मित्राला पहिला प्रश्न विचारला तो पायरीच्या रुंदीचा. "६६६ च्या आसपास साडेबावीस अंशांची एक पायरी किती गुणांची होते रे?"

त्याने कधी मोजलं नव्हतं. आम्ही मोजलं. वर्गमूळ साधारण २५.८, त्यात एक अष्टमांशाचा फरक म्हणजे किमतीत साधारण साडेसहा गुण. निर्देशांकाच्या एक टक्क्याहूनही कमी. याचा अर्थ असा की निर्देशांक कुठेही वळला असता, ६५० ला, ६७१ ला, ६८८ ला, तरी जवळची पायरी जास्तीत जास्त सव्वातीन गुणांवर सापडलीच असती. त्या काळात बाजार दिवसाला चाळीस-चाळीस गुण हलत होता. त्यात सव्वातीन गुणांचा नेम म्हणजे नेमच नव्हे. शिडीच्या पायऱ्या इतक्या दाट असतील तर पाय कुठेही पडो, तो पायरीवरच पडतो.

मित्र म्हणाला, "पण अर्ध्या अंशाचा फरक! तो तर नेम आहे ना?"

बरोबर. साडेबावीस अंशांच्या पायरीत अर्धा अंश इकडे आणि अर्धा तिकडे, म्हणजे साडेबावीसात एक. निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास. एकदाच, आधी ठरवून मोजलं असतं तर ही गोष्ट खरोखर लक्ष देण्यासारखी होती. पण हा आकडा सापडण्याआधी किती वेगळ्या मोजण्या करता आल्या असत्या?

सुरुवात दिवसातल्या उच्चांकापासून करावी की बंद भावापासून? सर्वोच्च बंद भाव १५६५.१५ होता, ९ ऑक्टोबर २००७ चा. आणि सर्वांत खालचा बंद भाव ६७६.५३, ९ मार्च २००९ चा. हे दोन घेतले तर अंतर येतं १०८.४१ पायऱ्या. पायऱ्यांच्या मधोमध, पूर्ण हुकलं. सुरुवात मार्च २००० च्या १५५२.८७ या उच्चांकापासून केली तर १०८.६७. तेही हुकलं. ऑक्टोबर २००२ च्या ७६८.६३ या तळापासून मोजलं तर १५.२२. पुन्हा हुकलं. याखेरीज पायरी साडेबावीसऐवजी तीस, पंचेचाळीस, साठ अंशांचीही घेता येते. गॅनप्रेमी या सगळ्या वापरतात. चार-पाच सुरुवाती आणि चार-पाच पायऱ्या, म्हणजे सहज वीस मोजण्या झाल्या. प्रत्येकीत साडेचार टक्क्यांची संधी असेल, तर विसातली एक तरी 'अर्ध्या अंशात' बसण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या घरात जाते. (या मोजण्या एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत, त्यामुळे हा आकडा अंदाजाचा, पण त्याचा कल हाच.) लाल शाईने अधोरेखित होते ती बसलेली मोजणी. न बसलेल्या एकोणीस कागदावर येतच नाहीत, आणि कुणी त्या लपवलेल्याही नसतात. हुकलेली मोजणी माणूस पुढच्या क्षणी विसरतो, एवढंच.

५१२ दिवसांचंही तसंच आहे. ४५० ते ५५० या शंभर दिवसांत गॅनच्या हिशेबाने 'खास' ठरतील असे आकडे मी मित्रालाच लिहायला सांगितले. त्याने भराभर लिहिले: ४५० (एक फेरा आणि नव्वद), ४८० (एक फेरा आणि एकशेवीस), ४८४ (बावीसचा वर्ग), ४९५ (एक फेरा आणि एकशेपस्तीस), ५०४ (सात वेळा बहात्तर), ५१२, ५२९ (तेवीसचा वर्ग), ५४० (दीड फेरा). आठ आकडे. प्रत्येकाला तीन दिवस अलीकडे-पलीकडे सूट दिली, आणि एवढी सूट सगळेच देतात, तर त्या शंभर दिवसांतले जवळजवळ निम्मे दिवस 'खास' ठरतात. त्यात आपण मोजले ते कॅलेंडरचे दिवस. बाजार उघडा होता ते दिवस मोजले तर ३५२ येतात. तो आकडा कशात बसत नाही, म्हणून कागदावर नव्हता. ३६० आला असता तर कागदाचा मथळा तोच झाला असता, आणि हे मित्राने स्वतः कबूल केलं.

आता यातला सर्वांत खोल प्रश्न, जो मला स्वतःला कळायला बरीच वर्षं लागली. १५७६ काय? कशाचे १५७६?

एस अँड पी ५०० चा निर्देशांक १९४१-४३ या काळाची सरासरी १० धरून बांधलेला आहे. हा दहा माणसांनी ठरवलेला आहे, निसर्गाने नव्हे. समजा तेव्हा दहाऐवजी शंभर धरले असते, जसं अनेक निर्देशांकांत धरतात. मग उच्चांक १५,७६०.९ असता आणि तळ ६,६६७.९. घसरण तीच, टक्के तेच, बुडालेला पैसा तोच, वळलेला दिवस तोच. पण वर्गमुळांतलं अंतर आता ४३.८९ होतं आणि पायऱ्या होतात ३५१.०८, जवळच्या पायरीपासून फरक अर्ध्या अंशावरून जवळजवळ दोन अंशांवर जातो. उलट दहाने भागलं, म्हणजे निर्देशांकाच्या दशांश भावाने चालणारा फंड डोळ्यांसमोर आणला, तर पायऱ्या ३५.११ आणि फरक जवळजवळ अडीच अंश. तोच बाजार, त्याच कंपन्या, तेच खरेदी-विक्री करणारे लोक, आणि 'भूमिती' मात्र तीन वेगळी. वर्गमूळ घेणारी कुठलीही पद्धत या अडचणीतून सुटू शकत नाही, कारण शंभरपट आकड्याचं वर्गमूळ दहापट होतं आणि पायरी मात्र तीच राहते. शेअरचं विभाजन झालं, जुने भाव त्यानुसार बदलून लिहिले, की जुन्या सगळ्या पातळ्याही बदलतात. जो नियम एकक बदलल्यावर बदलतो तो बाजाराबद्दल काही सांगत नाही. तो आपण निवडलेल्या एककाबद्दल सांगतो.

कोनांत हीच गोष्ट डोळ्यांना दिसते. चार्ट पडद्यावर आडवा ताणला की ४५ अंशांची रेषा तीसची होते. म्हणून जाणकार सांगतात की पडद्यावरचा कोन पाहू नका, 'दिवसाला एक गुण' असं प्रमाण ठरवा. ठरवलं. उच्चांकापासून दिवसाला एक गुण खाली येणारी रेषा ६ मार्च २००९ ला कुठे होती? कॅलेंडरचे दिवस धरले तर १०६४ वर, बाजाराचे दिवस धरले तर १२२४ वर. दोनास एक रेषा एका हिशेबाने ५५२ वर, दुसऱ्याने ८७२ वर. प्रत्यक्ष तळ ६६६.७९, यांपैकी कशाच्याही जवळ नाही.

मित्राने थोडा विचार केला आणि प्रमाण बदललं. आठवड्याला साडेबारा गुण, म्हणजे शंभराचा आठवा भाग. ७३ आठवडे गुणिले साडेबारा म्हणजे ९१२.५; उच्चांकातून वजा केले तर ६६३.५९. तळापासून तीन गुणांवर! त्याचे डोळे चमकले. मी त्याला एवढंच म्हटलं, "आता याच रेषेवर मधल्या तारखा ठेवून बघू."

जानेवारी २००८ च्या तळाला रेषा १३९० च्या आसपास होती आणि बाजार १२७० वर, म्हणजे रेषेच्या बराच खाली. १५ जुलै २००८ ला रेषा १०८० वर होती आणि बाजार १२०० वर, म्हणजे रेषेच्या बराच वर. गॅनच्या वाचनाप्रमाणे खाली येणाऱ्या ४५ अंशांच्या रेषेच्या वर किंमत येणं म्हणजे बाजारात ताकद परतल्याची खूण. १५ जुलैला ही खूण दिसत होती, आणि बरोबर दोन महिन्यांनी, १५ सप्टेंबरला, लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या चार आठवड्यांत बाजार ८४० पर्यंत कोसळला. २१ नोव्हेंबरला तो पुन्हा रेषेखाली शंभर गुणांवर होता. रेषेची दोन्ही टोकं बाजाराला चिकटली होती, कारण दोन टोकं जोडूनच ती काढली होती. मधल्या सतरा महिन्यांत बाजाराने तिची दखल घेतली नाही.

सरळ रेषेची आणखी एक अडचण पुढे नेली की दिसते. १५७६ वर एक गुण म्हणजे शेकडा ०.०६, ६६७ वर तोच एक गुण शेकडा ०.१५. रेषा खाली जाते तशी ती टक्केवारीत अधिकाधिक तीव्र घसरण मागते. दिवसाला दोन गुणांची रेषा तशीच चालू ठेवली तर ७८८ दिवसांनी, म्हणजे डिसेंबर २००९ मध्ये, निर्देशांक शून्यावर यायला हवा.

माझं म्हणणं एकतर्फी वाटू नये म्हणून पद्धतीच्या बाजूची गोष्टही सांगतो. पूर्ण फेऱ्यांच्या पातळ्यांपैकी दुसरी होती १२७४.४९. २२ जानेवारी २००८ रोजी निर्देशांक १२७४.२९ पर्यंत खाली आला आणि त्याच दिवशी छत्तीस गुण वर येऊन बंद झाला. दहा दिवसांत तो १३९५ च्या वर होता. ही पातळी उच्चांकानंतर कुणीही, आधीच काढून ठेवू शकला असता. अशा दिवशी खरेदी केलेल्या माणसाला कुणीही सांगा की पद्धत खोटी आहे, तो ऐकणार नाही. मीही ऐकलं नसतं. पण त्याच सकाळी, बाजार उघडण्याआधी, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने तातडीने व्याजदर पाऊण टक्क्याने कमी केला होता. वळण्याचं कारण तिथे आहे. आणि दुसऱ्याच दिवशी ती पातळी मोडून बाजार १२७०.०५ पर्यंत गेला, मग वळला. पातळीखाली दोन गुणांवर स्टॉपलॉस, म्हणजे तोटा आवरण्यासाठी आपोआप विक्रीची ऑर्डर, ठेवणारा बाहेर फेकला गेला असता.

चौथ्यापासूनच्या फेऱ्यांचं काय झालं? चौथ्या फेऱ्याची १००४.८९ ही पातळी टिकली नाही. पाचवा ८८२.०९ चा, त्याच्याखाली बेचाळीस गुण जाऊन वळला. सहाव्याला, ७६७.२९ ला, ज्याने नोव्हेंबरमध्ये खरेदी केली त्याला मार्चमध्ये तेरा टक्के तोटा दिसत होता. आणि सातवा, तो अंगावर काटा आणणारा ६६०.४९? तिथे ऑर्डर लावून बसलेल्याची ऑर्डर भरलीच नाही. बाजार सहा गुण वरूनच फिरला. कागदावर 'जवळजवळ अचूक' असलेली पातळी खात्यात एकही शेअर आणत नाही.

आता शेवटची चाचणी. एका तळाऐवजी त्या घसरणीतले ठळक तळ घ्यायचे, नियम आधी लिहायचा आणि मगच मोजायचं. मित्रानेच आठ तळ निवडले. नियम ठरला तो असा: उच्चांक १५७६.०९, पायरी साडेबावीस अंशांची, आणि पायरीच्या एक दशांशाच्या आत आलं तर बसलं, नाहीतर हुकलं. एक दशांश खाली आणि एक दशांश वर, म्हणजे निव्वळ डोळे मिटूनही पाचातला एक बसायला हवा. आठांत साधारण दीड.

| तारीख | तळ | उच्चांकापासून पायऱ्या |
|---|---|---|
| २६ नोव्हेंबर २००७ | १४०६.१० | १७.६२ |
| २३ जानेवारी २००८ | १२७०.०५ | ३२.५० |
| १७ मार्च २००८ | १२५६.९८ | ३३.९७ |
| १५ जुलै २००८ | १२००.४४ | ४०.४२ |
| १८ सप्टेंबर २००८ | ११३३.५० | ४८.२६ |
| १० ऑक्टोबर २००८ | ८३९.८० | ८५.७७ |
| २१ नोव्हेंबर २००८ | ७४१.०२ | ९९.८३ |
| ६ मार्च २००९ | ६६६.७९ | १११.०२ |

दोन बसले, मार्च २००८ चा आणि मार्च २००९ चा. सहा हुकले, त्यातला जानेवारीचा तर दोन पायऱ्यांच्या अगदी मध्यावर पडला. निव्वळ योगायोगाने आठांत दोन किंवा जास्त बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे, नाणं उडवण्याइतकी.

आठ तळ हा लहान नमुना आहे. त्यावरून पद्धत कायमची निकालात काढता येणार नाही, आणि तसा माझा दावाही नाही. पण १११ पायऱ्यांचा तो एक कागद जे सिद्ध करतो असं वाटत होतं, ते त्याच घसरणीतले बाकीचे सात तळ शेजारी ठेवल्यावर उरत नाही.

मित्र बराच वेळ तक्त्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "दोन तर बसले ना? आणि त्यातला एक सर्वांत मोठा. लोक या पातळ्या बघतात म्हणूनही बाजार तिथे वळत असेल." हा युक्तिवाद नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पुष्कळ लोकांनी एकाच आकड्यावर ऑर्डरी लावल्या तर तो आकडा खरंच महत्त्वाचा होईल. पण त्यासाठी सगळ्यांचा आकडा एक हवा. कुणी बंद भाव घेतो, कुणी दिवसातला. कुणी कॅलेंडर मोजतो, कुणी बाजाराचे दिवस. कुणी तीस अंश, कुणी साडेबावीस. दहा गॅनप्रेमींचे दहा कागद एकत्र ठेवले तर पातळ्यांनी पान भरून जातं, गर्दी कुठेच होत नाही.

मी त्याला म्हटलं, "सुरुवात म्हणून १५०० घेऊन बघ." १५०० ला काहीच अर्थ नाही. त्या आकड्यावर ना उच्चांक झाला होता ना तळ. मला सुचलेला एक गोल आकडा, एवढंच. त्याने स्प्रेडशीटमध्ये फक्त पहिलं घर बदललं. आठही ओळी नव्याने भरल्या. ऑक्टोबर २००८ चा तळ आला ७८.०० पायऱ्यांवर आणि नोव्हेंबरचा ९२.०७ वर. बाकीचे हुकले.

पुन्हा आठांत दोन. त्याने घर पुसलं, मला विचारलं, "आता कोणता आकडा टाकू?" मी म्हटलं, तुझ्या मनात येईल तो. रात्री उशिरापर्यंत आम्ही एकेक आकडा टाकत बसलो होतो, आणि प्रत्येक ओळीपुढे किती बसले ते तो त्या लाल पेननेच लिहीत होता.